जिप्सम की गंधक? गोणीवरचा टक्का नाही, पिकाचं कॅलेंडर बघा



मे महिना लागला की आपल्या पानावर हा प्रश्न ठरलेला. "सोयाबीनला जिप्सम टाकू का दाणेदार गंधक?" विचारणारे निम्मे गावचे, आणि निम्मे मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला राहून गावचं रान बघणारे. माझंही तसंच आहे. बिऱ्हाड मुलुंडला, रान खटावात. म्हणून आज दोघांसाठी एकदाच सविस्तर लिहितो.

माझं मत आधी सांगतो, मग कारणं. दुकानात गोणीवरचा टक्का दाखवून माल गळ्यात मारतात. "जिप्समात तेरा टक्केच, यात नव्वद टक्के, मग कुठलं भारी?" हा हिशोब अर्धवट आहे. जिप्सम म्हणजे खिशातले रोख पैसे आणि गंधक म्हणजे मुदत ठेव. ठेव मोठी असली तरी मुदत संपायच्या आत पैसे लागले तर ती कामाची नाही. म्हणून निवड टक्क्यावर नाही, पिकाला गंधक कधी लागणार त्यावर करायची. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा, तो पुढं येतोय.

दोन्ही माल येतात कुठून

उपनगरातल्या मंडळींनी चेंबूर-माहुलच्या बाजूला तेल शुद्धीकरणाचे कारखाने बघितलेत. जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलात गंधक असतं. ते पेट्रोल-डिझेलमध्ये राहिलं तर धुरातून हवेत जातं, म्हणून काढावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आलं, त्यात गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली. शुद्धीकरणात असं जे पिवळं गंधक निघतं, तेच बेन्टोनाइट मातीत मिसळून मसुराएवढे चपटे दाणे करतात. हेच ते ९० टक्केवालं दाणेदार गंधक.

जिप्सम दोन वाटांनी येतं. एक राजस्थानातल्या खाणीतलं. दुसरं खत कारखान्यातलं. फॉस्फोरिक ॲसिड करताना खडक स्फुरदावर गंधकाचं ॲसिड घालतात, तेव्हा जो चोथा उरतो तो फॉस्फोजिप्सम. आपल्या ट्रॉम्बेच्या आरसीएफने याच चोथ्यापासून घराच्या भिंतींचे पॅनेल बनवायचा प्रकल्प केला होता, इतका तो माल साठतो.

फरक इथंच आहे. जिप्सममधलं गंधक सल्फेटच्या रूपात असतं, आणि पिकाची मुळं गंधक घेतात ते फक्त सल्फेटच्याच रूपात. म्हणजे जिप्सम ओलीत विरघळलं की मुळाच्या तोंडाशी जेवण तयार. दाणेदार गंधक हे कच्चं धान्य आहे. ते दळायचं, शिजवायचं, मग ताटात. हे शिजवायचं काम मातीतले जिवाणू करतात.

जिवाणूंना काय लागतं

जिवाणूंना तीन गोष्टी लागतात. ओल, ऊब आणि हवा. जमीन कोरडी असली तर काम बंद. पाणी तुंबून चिखल झाला तरी बंद, कारण हवा नाही. थंडी पडली की काम मंद. खरिपात चांगली ओल आणि ऊब असली तरी कामाचं सल्फेट मिळायला तीन-चार आठवडे धरा. सगळा दाणा संपायला त्याहून कितीतरी जास्त, एखादा हंगामही जातो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. दाणा फुटला पाहिजे. बेन्टोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि दाण्याचा भुगा होतो, तेव्हा जिवाणूंना चिकटायला जागा मिळते. जितका भुगा बारीक तितकं काम लवकर. म्हणून दाणेदार गंधक पाभरीतून खताबरोबर एका ओळीत खोल पेरलं तर ते तिथंच ढेकळासारखं गोळा होऊन बसतं आणि उशीर लागतो. बरी पद्धत ही, की एक-दोन पाऊस झाल्यावर ओल्या रानावर फेकायचं, दाणे फुटू द्यायचे, आणि मग कुळवाच्या पाळीने मातीत मिसळायचं. पीक काढल्यावर जर तुम्हाला मातीत पिवळे दाणे जसेच्या तसे सापडले, तर समजा त्या वर्षी तुमची ठेव मोडलीच नाही.

आधी हे बघा: गोणी डीएपीची की सुपरची?

आता तो आधीचा प्रश्न. स्फुरद कशातून देता?

सिंगल सुपर फॉस्फेट बनवतात खडक स्फुरदावर गंधकाचं ॲसिड घालूनच, फक्त त्यातून जिप्सम वेगळं काढत नाहीत. त्यामुळं सुपरच्या गोणीत वजनाने जवळपास निम्मं जिप्समच असतं. त्यात १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक. डीएपीत १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद, आणि गंधक शून्य. १२:३२:१६ मध्येही नाही, १५:१५:१५ मध्येही नाही. मिश्र खतांत २०:२०:०:१३ मध्ये आहे, तो शेवटचा १३ म्हणजेच गंधक.

आता हिशोब करू. परभणी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश आणि २० गंधक अशी आहे. एकरी धरलं तर स्फुरद २४ किलो आणि गंधक ८ किलो. हे २४ किलो स्फुरद सुपरमधून दिलं तर १५० किलो, म्हणजे ५० किलोच्या तीन गोण्या लागतात. त्यात १६.५ किलो गंधक फुकट येतं, लागतं त्याच्या दुप्पट. तेच डीएपीतून दिलं तर एक गोणी पुरते, २३ किलो स्फुरद मिळतं, पण गंधकाचा एक कणही नाही.

आमच्या वडिलांच्या काळी सुपरच्या गोण्या बैलगाडीतून यायच्या, तेव्हा गंधकाची कमतरता हा शब्द गावात कुणी ऐकला नव्हता. डीएपी आलं, तीन गोण्यांचं ओझं एका गोणीवर आलं, हमाली वाचली, आणि गंधक गुपचूप ताटातून गेलं. सोबत शेणखत कमी झालं, त्यातूनही थोडं गंधक मिळायचं तेही गेलं.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, की "जिप्सम की गंधक" हा प्रश्न मुळात डीएपीवाल्याचा आहे. सुपरच्या तीन गोण्या वापरणाऱ्या सोयाबीनवाल्याने दोन्हींवर पैसे घालवायची गरज नाही. त्याला नत्र तेवढं वेगळं द्यावं लागतं, एकरी १२ किलो नत्रासाठी २६ किलो युरिया. बाकी त्याचं काम झालं.

कमतरता आहे हे ओळखायचं कसं

पान पिवळं दिसलं की लगेच गंधक, असं करू नका. तीन पिवळेपणांत फरक आहे.

नत्र कमी असलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं. गंधक झाडाला तसं सहज हलवता येत नाही, म्हणून शेंड्याची नवी पानं आधी फिकी होतात, आणि पूर्ण पान शिरांसकट फिकं होतं. लोह कमी असलं तरी नवीच पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा, जाळीसारखं दिसतं. आपल्याकडं चुनखडीच्या रानात सोयाबीन आणि भुईमूग जे पिवळं पडतं ते पुष्कळदा लोहाचं असतं. तिथं जिप्सम ओतलं तरी पान हिरवं होत नाही, आणि मग लोक म्हणतात जिप्सम बोगस निघालं.

कडधान्यात आणखी एक फसगत होते. मुळावरच्या गाठींना हवेतलं नत्र धरायला गंधक लागतं. गंधक कमी पडलं की गाठी नीट काम करत नाहीत आणि सगळं झाडच उपाशी दिसतं. शेतकरी युरिया टाकतो. चार दिवस हिरवं दिसतं, पण नत्र वाढलं आणि गंधक तेवढंच राहिलं, म्हणून दाण्यात फरक पडत नाही.

खात्री करायची तर माती परीक्षण. अहवालात उपलब्ध गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर कमी समजतात. १० ते १५ असेल तर मधलं, आणि त्याच्या वर असेल तर मी तरी पैसे घालत नाही. अहवाल करताना मुद्दाम "गंधक पण बघा" असं सांगावं, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाशवरच कागद संपतो.

बोअरच्या पाण्याचंही बघा. बऱ्याच बोअरच्या पाण्यात सल्फेट असतं. पाणी तपासणीत लिटरला २० मिलिग्रॅम सल्फेट-गंधक निघालं, तर एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर, त्यातून २ किलो गंधक जातं. चार पाण्यात ८ किलो. अशा बागायती रानाला वेगळं गंधक कशाला? मात्र अहवालात सल्फेट लिहिलं असेल तर त्याला ३ ने भागा, तेव्हा गंधक मिळतं.

एका एकराचा हिशोब

आता एक एकर घेऊ. खटावातलं मध्यम काळं रान, सामू ८.१, चुनखडी ८ टक्के, उपलब्ध गंधक ७ पीपीएम. खरिपात सोयाबीन, मागं हरभरा. मालक मुलुंडला, पेरणीला येणार आणि मग काढणीलाच. डीएपीची एक गोणी आधीच घेऊन ठेवली आहे. सुपर आता नको म्हणतो.

सोयाबीनला ८ किलो गंधक लागणार. दुकानात मिळणारं शेतीचं जिप्सम शुद्ध नसतं, त्यात साधारण १३ टक्के गंधक धरतात. ८ भागिले ०.१३ म्हणजे ६१ किलोच्या वर, ६५ किलो धरू. दाणेदार गंधकातून तेवढंच द्यायचं तर ९ किलो पुरतं. नेण्या-आणण्याला गंधक केव्हाही हलकं, हे मान्य.

पण जमिनीत आज ७ पीपीएम आहे, म्हणजे घरात दाणा नाही. खटाव पर्जन्यछायेचा भाग, वळवाचा भरवसा नाही. मे अखेरीस गंधक टाकलं आणि पाऊस जूनच्या शेवटी आला तर तो महिना वाया. पेरणीलाच टाकलं तर पहिला महिना सोयाबीन उपाशी, आणि त्याच महिन्यात त्याच्या गाठी धरतात. म्हणून सोयाबीनसाठी इथं जिप्समच. शेवटच्या कुळवणीच्या आधी ६५ किलो रानभर फेकायचं आणि मिसळायचं. जिप्सम दमट असतं, डीएपीबरोबर पाभरीच्या नळ्यात घालू नका, गाळा होऊन नळं बंद पडतं.

आता हरभरा. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणार. तेव्हा ओल उतरतीला, रात्री थंड. त्यावेळी टाकलेलं दाणेदार गंधक हरभऱ्याला मिळेल याची आशा धरू नका. पण तेच गंधक जूनमध्येच, जिप्समबरोबरच टाकलं तर? जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओल, ऊब, हवा सगळं आहे. चार महिन्यांत त्यातलं बरंच सल्फेट झालेलं असेल. म्हणून याच एकरात जूनमध्ये ६ किलो दाणेदार गंधक हरभऱ्याच्या नावाने टाकायचं. त्यातून ५.४ किलो गंधक. ठोकळमानाने एक टन कडधान्य तयार व्हायला ८ किलो गंधक लागतं, म्हणजे सहा-सात क्विंटल हरभऱ्याला पाच-साडेपाच किलो. बसतंय.

म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामं झाली. रोख सोयाबीनला, ठेव हरभऱ्याला. मुंबईहून दुसरी खेप मारायची गरज नाही. आणि पुढच्या वर्षी अहवाल परत काढा. गंधक १० च्या वर गेलं असेल तर जिप्सम बंद करून नुसतं ८-१० किलो दाणेदार गंधक चालेल, कारण आता घरात थोडा दाणा आहे, पीक पहिला महिना त्यावर काढेल.

दर बघताना गोणीची किंमत बघू नका. गोणीच्या किमतीला गोणीतल्या गंधकाच्या किलोंनी भागा. ५० किलो जिप्सममध्ये साडेसहा किलो, १० किलो दाणेदारमध्ये ९ किलो. त्यात तुमच्या रानापर्यंतचं भाडं आणि फेकायची मजुरी मिळवा. मग जो आकडा येईल तो खरा दर.

"गंधक टाका, चुना मरतो" याचं काय?

हे वाक्य दर वर्षी ऐकतो. दुकानदार सांगतो, प्रतिनिधी सांगतो, की दहा किलो गंधकाने सामू उतरतो आणि चुनखडी विरघळते. तत्त्व बरोबर आहे, आकडा बरोबर नाही.

गंधकाचं ॲसिड होतं हे खरं. एक किलो गंधकातून जे ॲसिड तयार होतं ते साधारण ३ किलो चुना मारतं. म्हणजे १० किलो गंधकाने ३० किलो चुना. आता रानात चुना किती ते बघा. एक एकराचा वरचा सहा इंचाचा थर म्हणजे साधारण ९ लाख किलो माती. आपल्या अहवालात चुनखडी ८ टक्के, म्हणजे ७२ हजार किलो चुना. त्यातला ३० किलो गेला. विहिरीतून तांब्याभर पाणी काढल्यासारखं आहे हे.

दाण्याच्या अगदी भोवती, बोटभर मातीत सामू थोडे दिवस उतरतो, तिथं स्फुरद-लोह थोडं सुटतं, तेवढा फायदा धरा. पण सगळ्या रानाचा सामू ८.१ चा ७.५ होईल म्हणून कुणी पैसे घेत असेल तर देऊ नका. गंधक घ्यायचं ते पिकाच्या पोटासाठी, चुना मारण्यासाठी नाही.

तसंच जिप्समचं. चोपण जमीन सुधारायला जिप्सम टाकतात ते वेगळं काम. तिथं माती तपासून जिप्समची गरज काढतात, आणि ते एकरी टनांत जातं, शिवाय निचरा लागतो. ६५ किलोत चोपण सुटत नाही आणि साध्या चुनखडीच्या रानाचा सामूही जिप्समने उतरत नाही.

भुईमुगाला मात्र जिप्समच

भुईमूग हा वेगळा गडी आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर काढलेली टॅग-२४ जात १९९१ पासून आपल्याकडे आहे, कित्येकांनी उन्हाळी हंगामात घेतलीय. जात कुठलीही असो, भुईमुगाची शेंग मातीत वाढते आणि तिला लागणारं कॅल्शियम ती भोवतालच्या मातीतून स्वतःच घेते. मुळाने घेतलेलं कॅल्शियम पानात जातं, तिथून खाली शेंगेत फारसं येत नाही. शेंगेभोवती कॅल्शियम कमी पडलं की टरफल भरतं आणि आत दाणा पोचट. हलक्या, मुरमाड, तांबड्या रानात हे जास्त होतं.

दाणेदार गंधकात कॅल्शियम नाही. जिप्सममध्ये दोन्ही आहेत. चुनखडीच्या काळ्या रानात कॅल्शियम मुबलक असतं, तिथं जिप्समचा उपयोग मुख्यतः गंधकासाठी, पण हलक्या रानात दोन्हींसाठी.

शिफारस हेक्टरी ४०० किलोची आहे, म्हणजे एकरी १६० किलो. निम्मं पेरणीला, निम्मं आऱ्या सुटताना. हे दुसरं ८० किलो महत्त्वाचं, आणि मुंबईवाल्यांचं नेमकं हेच चुकतं. खरिपात २५ जूनला पेरलं तर ३५ ते ४० दिवस म्हणजे ३० जुलै ते ४ ऑगस्ट. त्याच आठवड्याची सुट्टी आत्ताच मांडून ठेवा. उन्हाळी भुईमुगात थंडीमुळं आऱ्या उशिरा सुटतात, तिथं दिवस मोजू नका. दोन-चार झाडं हाताने बघा, आऱ्या खाली वळायला लागल्या की वेळ झाली. जिप्सम झाडाच्या दोन्ही बाजूंना, जिथं शेंगा बसणार तिथं टाकायचं, हलकी खुरपणी करून मातीची भर द्यायची, आणि ओल नसेल तर पाणी द्यायचं. आऱ्या मातीत घुसल्यावर मात्र कोळपं घालू नका, त्या तुटतात.

कोकणातल्या मंडळींसाठी दोन ओळी. जांभ्याची माती आधीच आंबट, तिथं दाणेदार गंधक आणखी आंबटपणा वाढवणार. आणि पाऊस इतका की सल्फेट धुऊन खाली जातं. म्हणून तिथंही भुईमुगाला जिप्सम, आणि त्यातला मोठा वाटा आऱ्यांच्या वेळी. रायगडात भातामागं ओलीवर वाल करतात. भाताच्या तुंबलेल्या खाचरात गंधक शिजत नाही, आणि वालाच्या वेळी ओल संपत जाते. तिथं पेरणीच्या ओलीतच जिप्सम किंवा सुपर द्यावं.

पीक पिवळं पडल्यावर जाग आली तर

सोयाबीन पंचवीस दिवसांचं, शेंडा फिका, शिराही फिक्या, अहवालातही गंधक कमी. आता दाणेदार गंधक टाकू नका, ते पीक निघून गेल्यावर शिजेल. पाऊस येणार असेल तर ६५ किलो जिप्सम ओळीत टाकून कोळपा. किंवा ३३ किलो अमोनियम सल्फेट, त्यात २४ टक्के गंधक, म्हणजे ८ किलो मिळतं, सोबत पावणेसात किलो नत्र. पानं ओली असताना टाकू नका, करपतात.

फवारणीचंही ऐकून घ्या. ०:०:५० मध्ये साडेसतरा टक्के गंधक असतं. एकरी २०० लिटर पाण्यात २ किलो मारलं तर पानावर ३५० ग्रॅम गंधक गेलं. गरज ८ किलोची. तात्पुरता आधार म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. आणि भुरीसाठीचं ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक पानावर मारून पिकाला गंधक दिलं असं समजू नका, ते बुरशीनाशक आहे. कडक उन्हात मारलं तर पानही भाजतं.

माझा शेवटचा शब्द

कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मंडळी हे पान वाचतात, त्यांना विनंती आहे. शिफारसपत्रात नुसतं "गंधक २० किलो प्रति हेक्टर" लिहून सोडू नका. कशातून द्यायचं आणि कधी टाकायचं हे लिहा. शेतकऱ्याला वीस किलो गंधक म्हणजे वीस किलोची पिवळी पिशवी वाटते, आणि तो ती ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या पेरणीत घालतो.

आणि शेतकरी मंडळींनी माझंही डोळे झाकून ऐकू नये. एकरात सहा ओळींचा एक पट्टा जिप्सम-गंधकाशिवाय सोडा, बाकी सगळं सारखं. दोन्ही टोकांना खुंट ठोका. काढणीला त्या सहा ओळी आणि शेजारच्या सहा ओळी वेगळ्या मळा, वेगळ्या तोला. वजनात फरक नसेल तर तुमच्या रानाला गंधक नको आहे, पुढच्या वर्षीचे पैसे वाचले. फरक असेल तर किती क्विंटलचा आणि किती रुपयांचा, ते तुमच्याच काट्याने सांगितलं.

प्रश्न पाठवताना चार गोष्टी लिहा: अहवालातलं गंधक आणि चुनखडी, स्फुरद कशातून देता, पाणी बोअरचं की विहिरीचं, आणि मागचं पीक कुठलं. एवढं असलं की उत्तर दोन ओळीत देता येतं. नुसता पिवळ्या पानाचा फोटो पाठवून "दादा काय मारू" विचारलं, तर मी आधी हेच चार प्रश्न विचारणार.